हीटर थंड हवा फेकतो, कूलंट टाकलं की चार दिवस बरा, पुन्हा थंड

मुंबईच्या गाडीत हीटरची आठवण वर्षातून दोनदाच होते. एकदा डिसेंबरात महाबळेश्वर किंवा नाशिकला निघाल्यावर, आणि एकदा भर पावसात माळशेज घाटात काच आतून धुरकटल्यावर. एरवी नॉब कायम निळ्या बाजूला. त्यामुळे हीटर बिघडला तरी सहा-सहा महिने पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा त्याच्या मागे कूलंटचा जुना घोळ उभा असतो.

तक्रारीचं स्वरूप बहुतेक वेळा एकच असतं. गाडी पळत असताना हवा गरम येते, सिग्नलला थांबली की मिनिटभरात थंड पडते, पुन्हा वेग घेतला की गरम. गॅरेजवाला झाकण उघडून कूलंट टाकतो, हीटर सुधारतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. इथे हीटरमध्ये दोष शोधत बसू नका. कूलंटच्या वाटेत हवा शिरते आहे, आणि ती कुठून शिरते हे कुणी पाहिलेलं नाही.

डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, तोच हीटर कोअर. इंजिन तापवून आलेलं कूलंट एका पाईपने त्यात जातं, दुसऱ्याने परत येतं, आणि ब्लोअरची हवा त्याच्या जाळीतून गरम होऊन बाहेर पडते. बऱ्याच गाड्यांत हा कोअर रेडिएटरच्या तोंडाइतक्याच किंवा त्याहून वरच्या उंचीवर बसवलेला असतो. हवा वर चढते, म्हणून सिस्टिममध्ये हवा आली की ती सगळ्यात आधी तिथे जाऊन बसते. वॉटर पंप द्रव ढकलू शकतो, हवेचा बुडबुडा त्याला ढकलता येत नाही. इंजिन आयडलवर असताना पंप सावकाश फिरतो आणि हवा जागची हलत नाही. रेस दिली की दाब वाढतो, थोडं कूलंट कसंबसं कोअरमधून जातं आणि गरम हवा येते. पळताना गरम, थांबल्यावर थंड, याचं कारण एवढंच.

याच्या उलट लक्षण असेल, म्हणजे ट्रॅफिकमध्ये हवा गरम आणि एक्स्प्रेसवेवर कोमट, तर प्रश्न थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा आहे. तो उघडाच अडकलाय किंवा काढून टाकलेला आहे. "मुंबईत थर्मोस्टॅट कशाला लागतो" म्हणून तो काढून फेकणारी गॅरेजं आजही आहेत. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो नसेल तर वेगात येणारा वारा इंजिनला नीट तापूच देत नाही, मग हीटरला उष्णता मिळणार कुठून? स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावून हायवेवर कूलंटचं तापमान बघा. ७० अंशांच्या आसपास रेंगाळत असेल तर आधी थर्मोस्टॅट बसवा, पुढचं सगळं नंतर.

एक लक्षण मात्र गाडी तिथल्या तिथे थांबवण्याचं आहे. घाट चढताना हीटर गरम हवा देत होता, अचानक थंड झाला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर कूलंट सांडून गेलेलं आहे. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. काटा वर गेला नाही तरी निर्धास्त राहू नका. सेन्सर कोरडा पडला तर तो हवेचं तापमान दाखवतो, आणि ते कूलंटपेक्षा कमी असू शकतं.

आता तपासणी. इंजिन नेहमीइतकं तापू द्या, नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर मध्यम वेगावर. बॉनेट उघडून इंजिनच्या मागची भिंत बघा, म्हणजे फायरवॉल. तिथून दोन रबरी पाईप केबिनमध्ये शिरताना दिसतील, बोटाएवढे किंवा थोडे जाड. रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवा, तो काही गाड्यांत चावी बंद असतानाही सुरू होतो. पाईपला हाताची मागची बाजू क्षणभरच लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर फारच उत्तम.

दोन्ही पाईप चांगले गरम असतील तर कूलंट फिरतंय. दोष डॅशबोर्डमधल्या हवेच्या झडपेचा आहे, ती थंड बाजूलाच अडकली असणार. एक गरम आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर कोअर चोंदलाय किंवा त्यात अर्धवट हवा अडकली आहे. दोन्ही थंड असतील तर कूलंट तिथवर पोचतच नाही. यात जुन्या गाड्यांची एक खास गोष्ट. त्यांच्यात हीटरच्या पाईपवर केबलने चालणारा व्हॉल्व्ह असतो, आणि मुंबईत वर्षानुवर्षं बंद राहून तो गंजून बसतो. केबल ओढली की व्हॉल्व्हचा दांडा हलतो का, हे नुसतं बघूनही कळतं.

आणि सेकंडहँड गाडी असेल तर या सगळ्याच्या आधी दोन पाईप खरोखर कोअरला जोडलेले आहेत का ते पाहा. कोअर गळायला लागला की दोन्ही पाईप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून टाकायचे, हा इथला रूढ उपाय आहे. फायरवॉलवर दोन नळ्या मोकळ्या दिसल्या तर हीटर आधीच्या मालकाच्या काळातच संपलेला आहे.

बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

कूलंट तपासायचं म्हणजे बाटलीवरच्या खुणा बघायच्या, अशी सगळ्यांची समजूत असते. ज्या गाडीत रेडिएटरलाच दाबाचं झाकण आहे आणि बाजूला साधी प्लॅस्टिकची बाटली आहे, तिथे ही समजूत फसवते. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, झाकणातली स्प्रिंग दबते आणि जास्तीचं कूलंट बारीक नळीतून बाटलीत जातं. इंजिन निवलं की आत ओढ तयार होते, झाकणातली छोटी दुसरी झडप उघडते आणि तेच कूलंट परत रेडिएटरमध्ये खेचलं जातं. पाच लिटर कूलंटच्या गाडीत ही ये-जा साधारण दीडशे ते दोनशे मिलीलिटरची असते.

झाकणाचं रबर कडक झालं, ती छोटी झडप गाळाने चिकटली किंवा बारीक नळीला चीर गेली की जाणं चालू राहतं आणि येणं बंद पडतं. शहाळ्यातल्या स्ट्रॉला मध्येच भोक पडलं तर पाणी न येता हवाच येते, तसंच इथे होतं. निवताना रेडिएटर बाटलीतलं कूलंट न ओढता बाहेरची हवा ओढतो. रोज थोडी हवा आत, थोडं कूलंट बाहेर. बाटली काठोकाठ, रेडिएटर वरून रिकामा. बघणारा म्हणतो, "कूलंट तर फुल्ल आहे."

याची चाचणी फुकटात होते. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बाटलीवर पातळीच्या रेषेत चिकटपट्टी लावा. गाडी चालवून आल्यावर लगेच पातळी बघा, ती थोडी चढलेली असली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा पट्टीवर आलेली हवी. चढून तिथेच राहिली किंवा मुळीच हलली नाही, तर झाकण आणि नळी दोन्ही संशयित. नळीचं बाटलीतलं टोक तळाजवळ पोचतं का तेही बघा. आतल्या आत तुटून ती वरच लोंबकळत असेल तर बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि ओढली जाते ती हवाच.

ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नाही आणि बाटलीच दाबाखाली असते, म्हणजे तिला जाड पाईप आणि पेचाचं मजबूत झाकण असतं, तिथे बाटलीतली पातळी खरी मानायला हरकत नाही.

अशा तक्रारीचं एक नमुन्यादाखल प्रकरण घेऊ. नऊ-दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, रोज बोरिवली ते अंधेरी, म्हणजे बहुतेक वेळ आयडलवरच. हीटर सिग्नलला थंड, हायवेवर गरम, बाटली मॅक्सच्या वर. सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडल्यावर आत कूलंट दिसत नाही, आणि भरताना ७०० मिली मावतं. पट्टीच्या चाचणीत पातळी चढते पण उतरत नाही. झाकणाचं रबर दाबून पाहिलं तर कडक, आणि बारीक नळी रेडिएटरच्या तोंडाजवळ वाकवली की चीर उघडते. अशा वेळी बदलायच्या त्या दोनच वस्तू, झाकण आणि नळी. झाकण मूळच्याच दाबाचं घ्या. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, आणि "जास्त दाबाचं बसवून टाकू, जास्त चांगलं" हा सल्ला ऐकू नका. जुन्या रेडिएटरचं प्लॅस्टिक आणि हीटर कोअर त्या जादा दाबाने फुटतात.

नुसतं कूलंट भरणाऱ्याने इथे काय चुकवलं ते लक्षात घ्या. ७०० मिली भरल्यावर हीटर चालू होणारच. पण चीर तशीच असल्याने आत पुन्हा हवा जाणार, आणि तीन आठवड्यांनी तीच गाडी त्याच गॅरेजमध्ये उभी राहणार.

हवा काढायची कशी

झाकण-नळी बदलल्यावर आत साठलेली हवा आपोआप निघेलच असं नाही. ती काढावी लागते, आणि हे काम इंजिन पूर्ण गार असतानाच सुरू करायचं. गरम इंजिनचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.

गाडीचं नाक वर येईल अशी उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच होईल. सोसायटीच्या पार्किंगचा उतार चालतो, फक्त हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना विटा लावा. नॉब पूर्ण गरमवर ठेवा. व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत त्याशिवाय कोअरकडची वाट उघडत नाही. आता कूलंट बारीक धारेने ओता, लिटरला दोन-तीन मिनिटं लागली पाहिजेत. भसकन ओतलं की हवा खालीच कोंडली जाते. थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा हीटरच्या पाईपवर हवा सोडणारा ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून ठेवा आणि बुडबुड्यांशिवाय अखंड धार आली की बंद करा. तो पितळी किंवा प्लॅस्टिकचा असतो, पाना जोरात दाबला की आटे जातात.

ब्लीड स्क्रू नसेल तर आणखी एक युक्ती आहे. कोअरमधून परत येणाऱ्या पाईपची क्लिप सैल करून पाईप कोअरच्या नळीवरून थोडा सरकवा आणि रेडिएटरमध्ये ओतत राहा. आधी हवा फुसफुसते, मग कूलंट येतं. आलं की पाईप परत चढवून क्लिप घट्ट. कोअर आतून भरल्याची एवढी खात्री दुसऱ्या कशाने होत नाही. मात्र हेसुद्धा गार इंजिनवरच.

आता झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू करा, ब्लोअर सगळ्यात कमी वेगावर. वरचा जाड पाईप अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे वर येतील. दहा-पंधरा मिनिटांत तो पाईप एकदम गरम होतो आणि तोंडातली पातळी झपकन खाली जाते. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. पातळी भरा, दोन हजार आरपीएमपर्यंत मिनिटभर रेस द्या, पुन्हा बघा. रेस देताना पातळी खाली जाते आणि सोडली की वर उसळते, म्हणून काठोकाठ भरू नका. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या. आयडलवर हीटरची हवा एकसारखी गरम राहिली पाहिजे. रात्रभर गाडी निवू द्या आणि सकाळी झाकण उघडून पातळी पुन्हा पाहा. शंभर-दोनशे मिली आणखी लागलं तर त्यात घाबरण्यासारखं नाही. तिसऱ्या सकाळीही लागत असेल तर गळती शोधायलाच हवी.

भरायचं ते कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. बाटलीवर रेडी टू यूज लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. आधीच्या कूलंटचा प्रकार माहीत नसेल तर वरून दुसऱ्या रंगाचं ओतण्यापेक्षा सगळं काढून नवं भरणं बरं. वेगळ्या जातीची कूलंटं मिसळली की गाळ धरू शकतो. काढलेलं कूलंट गटारात किंवा पार्किंगमध्ये सांडू नका. ते गोडसर लागतं, मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात.

हवा परतच येत असेल तर

झाकण नवं, नळी नवी, हवा नीट काढली, तरी दोन आठवड्यांत हीटर पुन्हा थंड. आता दोनच शक्यता उरतात.

पहिली, बारीक गळती. गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून गार इंजिनवर झाकणाच्या दाबाइतकी हवा भरायला सांगा. दहा-पंधरा मिनिटांत काटा उतरला तर गळती आहे. वॉटर पंपाच्या खालचं छिद्र, पाईपच्या क्लिपा, रेडिएटरचे प्लॅस्टिक-ॲल्युमिनियमचे सांधे बघा. वाळलेल्या कूलंटचा पांढरा किंवा रंगीत डाग सापडतो. बाहेर काहीच सापडलं नाही तर समोरच्या सीटच्या पायाखालचा गालिचा उचलून हात लावा. तिथे चिकट ओल असेल आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर येत असेल, तर हीटर कोअरच गळतोय. पावसाळ्यात ही ओल पावसाची किंवा एसीच्या पाण्याची समजली जाते. फरक चिकटपणाचा आणि गोडसर वासाचा.

दुसरी शक्यता महागाची. हेड गास्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, फुटून सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरणं. गार इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा पाईप दगडासारखा कडक झाला, किंवा तोंडात बुडबुडे थांबतच नसतील, तर हा संशय धरा. इंजिन अजून तापलेलं नसताना एवढा दाब दुसऱ्या कशाने येत नाही. खात्रीसाठी रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी असते. निळा द्रव असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून तिथली हवा त्यातून ओढतात, आणि ज्वलनवायू असेल तर द्रव पिवळा होतो. ही चाचणी केल्याशिवाय हेड उघडायला परवानगी देऊ नका.

कोअर चोंदला असेल तर

आपल्या नमुन्याच्या गाडीत हवा काढल्यावर आयडलवरची तक्रार गेली, पण हीटर फार गरम नाही असं समजा. पाईपवर थर्मामीटर धरला तर जाणारा ८४ अंश, येणारा ५२. ब्लोअर मध्यम असताना दहा-वीस अंशांचा फरक चालतो, बत्तीस फार झाला. कूलंट इतकं सावकाश जातंय की आतच थंड होतं. म्हणजे कोअर अर्धवट चोंदलाय.

का चोंदतो? महानगरपालिकेचं तलावाचं पाणी तसं मृदू आहे, पण अनेक सोसायट्यांत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येतं आणि रेडिएटरमध्ये तेच पडतं. त्याचा क्षार साचतो. कूलंटऐवजी नुसतं पाणी असेल तर गंज वेगळा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गळती बुजवायला टाकलेली हळद किंवा स्टॉप-लीक पावडर. गळतीचं छिद्र बुजो न बुजो, कोअरच्या बारीक नळ्या नक्की बुजतात.

धुण्यासाठी फायरवॉलवरचे दोन्ही पाईप काढा. जुना पाईप चिकटलेला असेल तर पिळू नका, आतली प्लॅस्टिकची नळी तुटते आणि मग डॅशबोर्डच उतरवावा लागतो. पाईप उभा चिरून काढा आणि नवा बसवा, तो स्वस्त पडतो. एरवी कूलंट ज्या नळीतून बाहेर येतं तिच्यातून बागेच्या पाईपने पाणी सोडा, म्हणजे गाळ आला त्याच वाटेने उलटा निघेल. दुसऱ्या नळीला पाईप लावून बादलीत सोडा. इथे इमारतीचा विचार करा. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला जवळपास तीन बार दाब येतो, आणि कोअर साधारण एक बारच्या आसपास काम करण्यासाठी बनवलेला असतो. चोंदलेल्या कोअरवर तो सगळा दाब पडतो. म्हणून नळ जेमतेम उघडा, आणि पाईप नळीवर क्लिपने न आवळता हातानेच धरा. दाब वाढला तर तो निसटू दे.

तपकिरी पाणी येऊन स्वच्छ झालं, तरी धार बारीकच असेल तर लिंबूसत्व वापरा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून कोअरमध्ये भरा, वीस मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. गरज वाटली तर आणखी एकदा, त्याहून जास्त नाही. कोअर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, आम्ल जास्त वेळ राहिलं तर धातूच खातं. संडास धुवायचं ॲसिड तर चुकूनही नको. शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करा, कारण नळाचं पाणी आत राहिलं की नव्या कूलंटचं प्रमाण बिघडतं. मग पाईप जोडा आणि हवा काढण्याची सगळी कृती पुन्हा. यानंतर येणारा पाईप ७० अंशांच्या आसपास आला तर काम झालं.

हळदीने किंवा स्टॉप-लीकने बुजलेला कोअर धुऊन फारसा सुधारत नाही. तो बदलावाच लागतो, आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरवणं हे दिवसभराचं काम आहे. तोवर गाडी चालवायचीच असेल किंवा कोअर गळत असेल, तर दोन पाईप एकमेकांना जोडून वळसा देता येतो. पण त्यांची तोंडं बूच मारून बंद करू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट हीटरच्याच वाटेने फिरतं. ती वाट बंद झाली तर थर्मोस्टॅटला गरम कूलंट वेळेवर लागत नाही आणि तो उशिरा उघडतो. जोडणीसाठी पाईपच्या आतल्या मापाची धातूची नळी आणि दोन चांगल्या क्लिपा वापरा, आणि नंतर हवा काढायला विसरू नका.